संगम गुणांकन (तांत्रिक विश्लेषण)

संगम गुणांकन ही समभाग, वायदे, चलन इत्यादींच्या व्यवहारात प्रवेशापूर्वी वापरली जाणारी मूल्यमापनाची पद्धत आहे. किमतीची पातळी, कल, व्हॉल्यूम आणि गती या चार बाबींना आगाऊ ठरवलेल्या नियमांनुसार स्वतंत्र गुण दिले जातात. त्यांच्या बेरजेवरून संबंधित सेटअपला एक श्रेणी मिळते. व्यवहार करावा की नाही आणि केल्यास किती जोखीम घ्यावी, हे त्या श्रेणीवरून ठरते. मराठी गुंतवणूकदारांमध्ये ही पद्धत बहुधा 'कॉन्फ्लुअन्स स्कोअर' या इंग्रजी नावानेच ओळखली जाते. वेगवेगळे संकेत एकाच जागी व एकाच वेळी जुळून येणे म्हणजे संगम, असा येथे अर्थ आहे.

श्रेणी म्हणजे यशाची टक्केवारी नव्हे. चार बाबींमध्ये किती एकवाक्यता आहे एवढेच ती सांगते. ती एकवाक्यता कोणत्या किमतीला विकत घ्यावी लागत आहे, हे श्रेणीत दिसत नाही. पद्धतीच्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उद्भवतात.

## पार्श्वभूमी

व्हॉल्यूमने कलाला दुजोरा द्यावा, ही अपेक्षा डाऊ सिद्धान्ताइतकी जुनी आहे. जोसेफ ग्रॅनव्हिल यांनी १९६३ मध्ये 'ऑन बॅलन्स व्हॉल्यूम' हा निर्देशक लोकप्रिय केला. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ च्या पुस्तकात सापेक्ष बल निर्देशांक (आरएसआय) आणि सरासरी प्रत्यक्ष चढउतार (एटीआर) ही दोन मापे मांडली. आजच्या गुणपत्रकांत ही दोन्ही मापे वारंवार आढळतात. अलेक्झांडर एल्डर यांची 'ट्रिपल स्क्रीन' पद्धत १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात साप्ताहिक आलेखावरून कल, दैनिक आलेखावरून माघार आणि त्यानंतर प्रवेशाची किंमत असे तीन टप्पे आहेत. मात्र ही पद्धत चाळणीची आहे, बेरजेची नाही. पहिल्या टप्प्यात नापास झालेला समभाग तिथेच बाद होतो.

बेरजेच्या पद्धतीचे मूळ बाजाराबाहेर शोधावे लागते. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नवजात अर्भकाच्या तपासणीत पाच लक्षणांना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण दिले जातात. तिचा आराखडा हाच आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉझ यांनी १९७९ च्या निबंधात दाखवले की, योग्य घटक निवडलेले असतील तर त्यांना समान भार देऊन केलेली साधी बेरीजही तज्ज्ञाच्या अंतःप्रेरणेपेक्षा बहुधा सरस ठरते. भार किती बारकाईने ठरवले याला त्यामानाने कमी महत्त्व असते. व्हॉल्यूमला दोन गुण द्यावेत की अडीच, यावर रंगणारे वाद त्यामुळे बरेचसे निरर्थक आहेत. कोणता घटक घ्यावा हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

## गुणपत्रक

प्रमाणित असे एकच गुणपत्रक नाही. पुढे दिलेला नमुना एनएसईच्या रोख विभागातील समभागांसाठी आहे. चढत्या कलातील माघारीनंतरची खरेदी त्यात गृहीत धरली असून सर्व मोजमाप दैनिक आलेखावर केले आहे. एकूण गुण दहा आहेत.

पातळीला तीन गुण असतात. पूर्वी ज्या किमतीपाशी भाव वळला ती पातळी होय. पण ती एक रेघ नसून पट्टा असते, हे आधी मान्य करावे लागते. पट्ट्याची रुंदी ठरवण्यासाठी चौदा दिवसांचा एटीआर घेतात आणि रेघेच्या वर व खाली प्रत्येकी अर्धा एटीआर धरतात. त्या पट्ट्यात पूर्वी एकदा वळण आले असल्यास एक गुण आणि दोनदा आले असल्यास दोन गुण मिळतात. तेच वळण साप्ताहिक आलेखावरही स्पष्ट दिसत असल्यास तीन गुण होतात. माघारीचा नीचांक पट्ट्यात पोहोचलाच नसेल, तर शून्य.

कलालाही तीन गुण आहेत. बंद भाव पन्नास दिवसांच्या सरासरीच्या वर असल्यास एक, ती सरासरी दहा सत्रांपूर्वीपेक्षा उंचावलेली असल्यास दुसरा आणि साप्ताहिक बंद भाव तीस आठवड्यांच्या सरासरीच्या वर असल्यास तिसरा.

व्हॉल्यूमला दोन गुण आहेत. येथे शब्दाची काळजी घेणे आवश्यक आहे. मराठी वर्तमानपत्रांत 'उलाढाल' हा शब्द बहुधा रुपयांतील मूल्यासाठी येतो, तर या गुणपत्रकात व्यवहार झालेल्या समभागांची संख्या अभिप्रेत आहे. माघारीच्या दिवसांतील सरासरी व्हॉल्यूम वीस दिवसांच्या सरासरीपेक्षा कमी असल्यास एक गुण मिळतो, कारण विक्री रेटून होत नसल्याचे ते लक्षण मानले जाते. भाव पुन्हा वर वळला त्या दिवशी व्हॉल्यूम सरासरीच्या किमान दीडपट असल्यास दुसरा गुण मिळतो.

गतीचे उरलेले दोन गुण आरएसआयवरून दिले जातात. माघारीत तो चाळीसच्या खाली गेला नसल्यास एक आणि वळणाच्या दिवशी पन्नासच्या वर बंद झाल्यास दुसरा.

आठ किंवा अधिक गुणांना 'अ' श्रेणी, सहा व सात गुणांना 'ब' श्रेणी मिळते. त्याखालील सेटअप सोडून दिला जातो. निव्वळ बेरजेत एक घटक दुसऱ्याची उणीव भरून काढू शकतो. उदाहरणार्थ, पातळीला शून्य मिळूनही कल, व्हॉल्यूम आणि गती यांच्या जोरावर सात गुण होतात आणि हवेत लटकणाऱ्या किमतीला 'ब' श्रेणी मिळते. म्हणून पातळी किंवा कल यांपैकी एकाला शून्य मिळाल्यास श्रेणीच द्यायची नाही, अशी अट बहुतेक अनुभवी व्यवहारकर्ते घालतात. ती योग्यच आहे. या अटीमुळे बेरजेच्या पद्धतीत एल्डर यांच्या चाळणीचा अंश येतो.

## एक उदाहरण

पुढील समभाग व आकडे काल्पनिक आहेत. एका समभागाने फेब्रुवारीत ४१२ आणि एप्रिलमध्ये ४१४ रुपयांवरून माघार घेतली होती. जूनमध्ये त्याने ही पातळी ओलांडून ४६८ चा उच्चांक गाठला आणि त्यानंतर सहा सत्रांत तो ४१४ पर्यंत खाली आला. एटीआर १० रुपये आहे. ४१३ ही मध्यरेषा धरल्यास पट्टा ४०८ ते ४१८ होतो. पूर्वीचा अडथळा आता आधार ठरेल, ही येथील अपेक्षा आहे. सातव्या सत्रात ४१४ चा नीचांक पुन्हा करून भाव वळला, ४२५ पर्यंत गेला आणि ४२४ वर बंद झाला.

पट्ट्यात पूर्वी दोन वळणे आहेत, पण साप्ताहिक आलेखावर ती ठळक नाहीत. म्हणून पातळीला दोन गुण. पन्नास दिवसांची सरासरी ४०५ असून दहा सत्रांपूर्वी ती ३९८ होती. तीस आठवड्यांची सरासरी ३७२ आहे. कलाला पूर्ण तीन गुण. वीस दिवसांचे सरासरी व्हॉल्यूम ६ लाख आहे. माघारीत ते सरासरी ४ लाख १० हजार होते आणि वळणाच्या दिवशी ७ लाख ८० हजार झाले. ते सरासरीच्या १.३ पट भरते, दीडपट नाही. म्हणून व्हॉल्यूमला एकच गुण. आरएसआय माघारीत ४४ पर्यंत उतरला आणि वळणाच्या दिवशी ५२ वर बंद झाला. गतीला दोन गुण. एकूण आठ, श्रेणी 'अ'.

दुसऱ्या दिवशी ४२५ च्या वर ४२६ ला प्रवेश आणि पट्ट्याच्या खाली ४०७ ला स्टॉपलॉस ठेवला, तर प्रत्येक समभागामागे जोखीम १९ रुपये होते. जुना उच्चांक ४६८ हे लक्ष्य धरल्यास संभाव्य लाभ ४२ रुपये होतो. भांडवल ५ लाख आहे आणि 'अ' श्रेणीसाठी एक टक्का, म्हणजे ५ हजार रुपये जोखीम ठरलेली आहे. १९ ने भागल्यावर २६३ समभाग येतात. 'ब' श्रेणीला अर्धा टक्का जोखीम असती, तर १३१ समभाग आले असते. श्रेणीचा प्रत्यक्ष उपयोग होतो तो या भागाकारात.

हे ५ हजार म्हणजे तोट्याची कमाल मर्यादा नव्हे. भाव रात्रीतून घसरून सकाळी थेट ४०० वर उघडला, तर स्टॉपलॉस ४०७ ला नव्हे तर ४०० च्या आसपास पूर्ण होईल आणि तोटा ६ हजार ८३८ रुपये होईल. श्रेणी कितीही वरची असली तरी या शक्यतेवर तिचा काही ताबा नसतो.

## जास्त गुणांची किंमत

याच उदाहरणात व्हॉल्यूमचा राहिलेला गुण मिळेपर्यंत थांबणारा व्यवहारकर्ता कल्पावा. पुढच्या दिवशी समभाग ४३६ वर बंद झाला आणि व्हॉल्यूम ९ लाख ६० हजार, म्हणजे १.६ पट भरले. आता दहापैकी नऊ गुण झाले. त्यानंतरच्या सकाळी त्याला ४३७ ला प्रवेश मिळतो. आधार तोच असल्यामुळे स्टॉपलॉस ४०७ वरच राहतो. जोखीम ३० रुपये आणि संभाव्य लाभ ३१ रुपये.

पहिल्या व्यवहारात ना नफा ना तोटा या स्थितीसाठी ३१ टक्के वेळा यश पुरते, कारण १९ भागिले ६१ चे उत्तर तेवढे येते. दुसऱ्यात ३० भागिले ६१, म्हणजे ४९ टक्के यश लागते. दलाली व कर यात धरलेले नाहीत. एक गुण वाढल्याने यशाची शक्यता थोडी वाढली असेलही. पण केवळ ना नफा ना तोटा राहण्यासाठीच ती अठरा टक्के बिंदूंचा भार उचलू शकेल, असे मानायला आधार नाही. समभाग लक्ष्याला पोहोचला तर पहिल्याला २६३ समभागांवर ११ हजार ४६ रुपये मिळतात. दुसऱ्याला त्याच ५ हजारांच्या जोखमीत फक्त १६६ समभाग घेता येतात आणि ५ हजार १४६ रुपये मिळतात.

पुष्टी देणारे घटक बहुधा उशिरा येतात आणि त्या उशिराची भरपाई प्रवेशाच्या किमतीतून करावी लागते. म्हणून काही गुणपत्रकांत प्रवेशाची किंमत पट्ट्याच्या वरच्या कडेपासून एका एटीआरपेक्षा दूर नसावी, अशी अट असते. वरील उदाहरणात ही मर्यादा ४२८ येते. त्यामुळे ४२६ चा प्रवेश बसतो आणि ४३७ चा बाद होतो. अशी अट नसलेले गुणपत्रक वापरणाऱ्याला पुढेपुढे महागडे सेटअपच सर्वाधिक आकर्षक वाटू लागतात.

## एकच साक्ष दोनदा

दहापैकी पाच गुण, म्हणजे कलाचे तीन आणि गतीचे दोन, एकाच सामग्रीतून काढलेले असतात. ती सामग्री म्हणजे अलीकडील बंद भावांची मालिका. आरएसआय पन्नासच्या वर असणे याचा अर्थ, वाइल्डर यांच्या पद्धतीने काढलेली सरासरी वाढ सरासरी घटीपेक्षा जास्त आहे एवढाच होतो. चढत्या सरासरीच्या वर टिकून राहिलेल्या आणि नुकत्याच वर वळलेल्या समभागात ते घडणे स्वाभाविकच असते. त्याला स्वतंत्र साक्षीदार मानणे म्हणजे एकाच माणसाची साक्ष दोन नावांनी नोंदवणे होय. आरएसआयच्या जोडीला एमएसीडी आणि स्टोकॅस्टिकही गुणपत्रकात घातले, तर बेरीज फुगते आणि माहिती जवळजवळ तेवढीच राहते.

ही पुनरुक्ती तपासणे सोपे आहे. जुन्या नोंदींमधून कलाला पूर्ण गुण मिळालेले सेटअप वेगळे काढावेत आणि त्यांपैकी कितींमध्ये गतीलाही पूर्ण गुण आहेत ते मोजावे. दहापैकी नऊ वेळा दोन्ही सोबत येत असतील, तर गतीचा रकाना नवे काही सांगत नाही. तो काढून टाकावा किंवा एका गुणावर आणावा.

किमतीतून न काढलेला असा एकच घटक चारांत आहे, तो म्हणजे व्हॉल्यूम. त्यामुळे तो सर्वांत मोलाचा असला तरी सर्वांत सहज बिघडतोही. मोठा एकगठ्ठा सौदा, निर्देशांकातील फेररचना किंवा वायदे समाप्तीचा दिवस यांमुळे आकडा फुगतो आणि त्याचा नव्या खरेदीच्या इच्छेशी संबंध नसतो. एनएसई समभागनिहाय डिलिव्हरीचे प्रमाणही प्रसिद्ध करते. वाढलेल्या व्हॉल्यूममध्ये ते प्रमाण कोसळले असेल, तर तो दिवस बव्हंशी दिवसांतर्गत सट्ट्याचा होता असे समजता येते. दुसरी चूक बोनस किंवा समभाग विभाजनानंतर होते. एकास एक बोनसनंतर समभागांची संख्या दुप्पट होते. जुने व्हॉल्यूम त्या प्रमाणात सुधारून घेतले नसेल, तर पुढच्या काही सत्रांत दीडपटीची अट आपोआप पार होते. तिसरी चूक घाईची असते. सकाळी अकराचे व्हॉल्यूम पूर्ण दिवसाच्या सरासरीशी ताडून पाहिले जाते. सत्र सव्वानऊ ते साडेतीन चालते आणि व्यवहार सुरुवातीला व शेवटी दाटतात. म्हणून अर्धवट दिवसाची तुलना मागील दिवसांच्या त्याच वेळेपर्यंतच्या व्हॉल्यूमशीच करावी लागते.

पातळीबद्दल चलन बाजारातील एक अभ्यास उल्लेखनीय आहे. कॅरल ऑस्लर यांनी २००० मध्ये न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँकेच्या नियतकालिकात सहा संस्थांनी ग्राहकांना पुरवलेल्या आधार व अडथळा पातळ्या तपासल्या. यादृच्छिक निवडलेल्या पातळ्यांपेक्षा या पातळ्यांपाशी दिवसांतर्गत कल अधिक वेळा थांबत असल्याचे त्यांना आढळले, मात्र हा परिणाम संस्थेनुसार आणि चलनानुसार बदलत होता. भाव थांबणे आणि व्यवहारात नफा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात घ्यावे लागते.

## श्रेणी खरी आहे का, हे तपासणे

गुण प्रवेशापूर्वी, वेळेसह लिहून ठेवले नसतील तर पुढील कोणतीही तपासणी निरुपयोगी ठरते. व्यवहार यशस्वी झाल्यावर पातळीची रेघ दोन रुपये वर सरकवणे फार सोपे असते आणि ती सरकवल्याचे लक्षातही राहत नाही. लक्षण असे की महिन्यागणिक 'अ' श्रेणीचे प्रमाण वाढत जाते, बाजार मात्र बदललेला नसतो. व्यवहार करण्याची इच्छा आधी होऊन गुण नंतर जुळवले जात असल्याचा तो पुरावा आहे. दोन व्यक्तींनी एकच आलेख परस्परांना न विचारता तपासला, तर कल व गतीचे गुण तंतोतंत जुळतात आणि फरक बहुधा पातळीत पडतो, कारण रेघ कोठे मारावी हा निर्णय माणसाचा असतो.

निकाल रुपयांत न मोजता जोखमीच्या पटीत मोजतात. उदाहरणातील एक पट म्हणजे १९ रुपये. ४२ रुपयांचा लाभ म्हणजे २.२ पट. प्रत्येक श्रेणीची सरासरी पट काढल्यावर 'अ' श्रेणी 'ब' पेक्षा वर असायला हवी. तसे नसेल, तर 'अ' साठी दुप्पट रक्कम लावण्याचे कारण उरत नाही.

येथे संख्येची मर्यादा आड येते. प्रत्येक श्रेणीत तीस व्यवहार झाले आणि यशाचे प्रमाण ६० व ५० टक्के आले, तर प्रत्यक्षात अंतर केवळ तीन व्यवहारांचे असते. एवढ्या नमुन्यात दोन प्रमाणांतील फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे १३ टक्के बिंदू असते, म्हणजे दिसणारा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. प्रत्येक श्रेणीत दोनशे व्यवहार झाल्यावर ही त्रुटी पाच बिंदूंपर्यंत उतरते आणि दहा बिंदूंचा फरक दखलपात्र ठरू लागतो. महिन्याला चार व्यवहार करणाऱ्याला दोन्ही श्रेणी मिळून चारशे व्यवहारांसाठी आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून जुन्या आकडेवारीवर गुणपत्रक तपासण्याकडे कल असतो. तेथे दुसरा धोका उभा राहतो. दीडपट घ्यावी की १.३ पट, चाळीस की पंचेचाळीस, अशा पर्यायांतून सर्वोत्तम निकाल देणारी जोडी निवडली की तो निकाल निवडीमुळेच चांगला दिसतो. सलिव्हन, टिमरमन आणि व्हाइट यांच्या १९९९ च्या अभ्यासाचा विषय हाच होता. जुन्या आकड्यांवर उत्कृष्ट ठरलेला तांत्रिक नियम त्यानंतरच्या दशकात तसा टिकला नसल्याचे त्यांना आढळले. नियम एका कालखंडावर ठरवून, न बदलता, दुसऱ्या कालखंडावर तपासणे हा त्यावरचा किमान उपाय आहे.

## गुणपत्रकाबाहेरच्या घटना

चारही घटक झालेल्या व्यवहारांतून काढलेले असतात, त्यामुळे उद्या ठरलेली घटना त्यांत दिसत नाही. लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज १ जून २०२४ च्या संध्याकाळी आल्यानंतर ३ जून रोजी निफ्टी ५० निर्देशांक ३.२५ टक्के वाढून २३,२६३.९० वर बंद झाला. २७ मे रोजीचा २३,११०.८० हा तोपर्यंतचा उच्चांक मागे पडला होता. पातळी ओलांडलेली, कल चढता, गती वरच्या दिशेला. निर्देशांकाला स्वतःचे व्हॉल्यूम नसल्यामुळे तो रकाना वायद्यांवरून भरावा लागतो, पण उरलेले तीन रकाने एकमुखी होते. ४ जूनला मतमोजणीच्या दिवशी निर्देशांक ५.९३ टक्के घसरून २१,८८४.५० वर बंद झाला. ७ जूनला तो २३,२९०.१५ वर, म्हणजे ३ जूनच्या बंद भावाच्याही वर होता. ३ जूनच्या संध्याकाळी खरेदी केलेल्याची दिशा चार दिवसांत बरोबर ठरली, पण जवळचा स्टॉपलॉस ठेवणारा ४ तारखेलाच बाहेर पडला होता. मतमोजणीची तारीख आधीपासून जाहीर होती. कंपन्यांचे तिमाही निकाल, रिझर्व्ह बँकेचे पतधोरण आणि अर्थसंकल्प यांच्या तारखाही तशाच आधी कळतात. त्यामुळे अनेक व्यवहारकर्ते गुणपत्रकाच्या वर तारखेचा एक स्वतंत्र रकाना ठेवतात आणि अशी घटना दोन सत्रांच्या आत असल्यास श्रेणी न पाहताच सेटअप पुढे ढकलतात.

भारतात स्वतःच्या व्यवहारासाठी गुणांकन करण्यास परवानगी लागत नाही. मोबदला घेऊन इतरांना समभागांच्या खरेदी-विक्रीच्या शिफारशी देणे मात्र सेबीच्या २०१४ च्या संशोधन विश्लेषक विनियमांच्या कक्षेत येते आणि त्यासाठी नोंदणी आवश्यक असते. शिफारशीला 'दहापैकी नऊ' अशी श्रेणी जोडल्याने ही अट टळत नाही.